बिदागी की ओटी?

गाण्याच्या बदल्यात हातात पडणाऱ्या पैशाला मराठीत निदान पाच नावं आहेत. शिकवणीचा पैसा असेल तर ‘फी’. बुवांना किंवा नायकिणीला मैफलीबद्दल मिळे ती ‘बिदागी’. बँडवाल्यांची आणि तमाशाची ‘सुपारी’. अलीकडे सभा-संमेलनातून आलेलं ‘मानधन’. आणि घरच्या-दारच्या बायकांनी भजन केलं की त्यांच्या पदरात पडते ती ‘ओटी’. शब्द पाच असले तरी पैसा एकच असायला हवा होता. पण तसं झालं नाही. कोणता शब्द वापरला, त्यावर किती मिळणार, कुणाच्या हातात मिळणार आणि मिळणार की नाही हे ठरत आलं. आमच्या बेळगाव भागातल्या जैन घरांमधल्या बायकांनी पेटी शिकवून आणि भजनं गाऊन चार पैसे कसे मिळवले, याचा इतिहास बघायला गेलं तर तो बराचसा या शब्दांचाच इतिहास आहे.

फार मागे जायचं कारण नाही. माझ्या आजीच्या लहानपणी घरंदाज बाई गात नव्हती असं नाही. जात्यावर ओव्या होत्या, पाळणे होते, मंगलाष्टका होत्या, देवळात आरत्या आणि स्तवनं होती. पण ते गाणं ‘शिकलेलं’ नव्हतं, कानावरून आलेलं होतं, आणि त्याला मोल नव्हतं. शिकून गाणारी आणि गाण्याचे पैसे घेणारी बाई म्हणजे कलावंतीण, असं समीकरण होतं. गोव्यातून, बेळगावातून, कोल्हापुरातून ज्या बायकांनी खरं तर गाणं जिवंत ठेवलं, त्यांच्याबद्दल आमच्या घरांतून बोललं जायचं ते आवाज खाली करून. त्यामुळे प्रश्न ‘मुलीनं गावं का’ हा नव्हताच. प्रश्न होता तो तिनं कुणाकडून शिकावं, कुणासमोर गावं आणि पैसे घ्यावेत का, हा.

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शाळेनं दिलं. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली. स्वरलिपी लिहून, फळ्यावर मांडून, वर्गात बसवून गाणं शिकवता येतं हे तिथं दिसलं. पुढचं मोठं पाऊल टाकलं ते आमच्याच मुलखातल्या माणसानं. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 मध्ये कुरुंदवाडला जन्मले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. कुरुंदवाड आणि शिरोळचा तो सगळा टापू म्हणजे आमच्या समाजाची घनदाट वस्ती. पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते मात्र दूर लाहोरला, 1901 साली. मुंबईची शाखा 1908 ची. 1931 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या मंडळाच्या परीक्षा गावोगाव पसरल्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद, अलंकार.

या परीक्षांनी घरातल्या बाईसाठी काय केलं, ते नीट समजून घ्यायला हवं. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षं शिकणं मुलीला शक्यच नव्हतं. परीक्षेला अभ्यासक्रम होता, पुस्तक होतं, तारीख होती आणि शेवटी छापील प्रमाणपत्र होतं. वडलांना ते फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावता येत होतं. ‘आमची मुलगी गाते’ म्हणायला जो संकोच होता, तो ‘आमची मुलगी प्रवेशिका झाली’ म्हणताना उरत नसे. आणि ज्या बाईकडे तसं प्रमाणपत्र असे, तिच्याकडे दुसऱ्यांच्या मुली पाठवायला कुणाची हरकत नसे. गाण्याचे पैसे घेणं वाईट, पण ‘परीक्षेची शिकवणी’ घेणं चांगलं. गणिताची शिकवणी तशी ही! फी हा शब्द आमच्या घरात अशा मागच्या दारानं आला.

दुसरी गोष्ट म्हणजे पेटी. ती युरोपातून आली, पण मांडी घालून एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातानं पट्ट्या अशी तिची सुटसुटीत घडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात झाली. नाटक मंडळ्यांनी आणि कीर्तनकारांनी तिला मराठी मुलखात घरोघरी पोहोचवलं. जाणकारांनी तिला पुष्कळ नावं ठेवली. तिचे सूर बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत. हे सगळं खरंच आहे. आकाशवाणीनं तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला आपल्या स्टुडिओत जागाच दिली नाही. धारवाड केंद्र 1950 मध्ये सुरू झालं आणि बेळगावात घरोघरी ते ऐकू येऊ लागलं. पण घरात जे वाद्य होतं, ते रेडिओवर ऐकू येत नव्हतं.

तरीही घरात तीच राहिली, कारण तिचे सूर बांधलेले होते. तंबोरा लावायला कान तयार असावा लागतो. तो कान येईपर्यंत रोज लावून देणारं कुणीतरी हवं. पेटीचं तसं नाही. दुपारी भांडी आवरून बाई बसली, भाता उघडला की षड्ज तयार. मध्येच दूधवाला आला तर उठावं, परत येऊन बसावं, सूर जिथल्या तिथं. ज्या वेळेचे असे तुकडे पडलेले असतात, त्या वेळेत वाजवता येण्याजोगं हेच वाद्य होतं.

आता मी ज्या वहीच्या आधारानं पुढचं लिहिते आहे, तिच्याबद्दल सांगते. माझ्या वडलांची थोरली बहीण, आमची आत्ती, लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन शहापुरात माहेरी परत आली. प्रवेशिका पूर्ण झालेली होती. तिनं साधारण तीस वर्षं घरात पेटी आणि गाणं शिकवलं, आणि भजनाचे कार्यक्रम केले. लांबट, लाल कापडी पाठीच्या हिशेबाच्या वहीत ती सगळं टिपून ठेवायची. त्यातली 1966 ची वही माझ्याकडे आहे.

त्या वर्षी तिच्याकडे नऊ मुली होत्या. सहा जणींच्या घरी पेटी होती, त्यांना महिना 4 रुपये. तीन जणी हिच्याच पेटीवर सरावाला यायच्या, त्यांना 5 रुपये. म्हणजे महिन्याला 39. एप्रिल-मे सुट्टी, म्हणून दहा महिन्यांचे 390 यायला हवेत. वहीत जमा आहेत 342. उरलेल्या 48 रुपयांपुढे काही ठिकाणी ‘पुढील महिन्यात’ आणि काही ठिकाणी नुसतीच फुली आहे. फुली म्हणजे मुलीचं लग्न ठरलं.

हे लग्नाचं प्रकरण सगळ्या शिकवणीच्या मुळाशी होतं. मुलगी बघायला आले की ‘गाणं येतं का’ हा ठरलेला प्रश्न. म्हणून पालक शिकवणी लावत आणि म्हणूनच सोडवत. प्रवेशिकेच्या पुढे गेलेल्या मुली त्या वहीत दोनच आहेत. आत्तीला पहिले तीन महिने नुसते अलंकार घोटून घ्यायचे असत, आणि आयांना हवी असे एक आरती आणि एक नाट्यपद, तेही दिवाळीच्या आत. त्यावर तिनं तडजोड काढली होती. आठवड्याचे दोन दिवस. मंगळवारी अलंकार आणि राग, शुक्रवारी आरती. शुक्रवार चुकवणाऱ्या मुली नव्हत्याच, मंगळवार मात्र चुकायचा. म्हणून फी मंगळवारी द्यायची, असा नियम.

पेटीवर शिकलेल्या गळ्याचा एक दोष असतो आणि तो ओळखायची तिची रीत मला आजही उपयोगी वाटते. मुलगी ओळ गात असताना मध्येच आत्ती भाता थांबवायची. मुलीनं तसंच गात राहायचं. ओळ संपली की पेटीवर षड्ज दाबून बघायचा. सूर जुळला तर गळा स्वतःच्या पायावर उभा आहे. उतरला असेल तर ती मुलगी गात नव्हती, पेटीला टेकून चालत होती. तसं झालं की पुढचे दोन आठवडे पेटीवर फक्त सा आणि प धरायचे, चाल वाजवायची नाही.

पुढं परीक्षांमध्येही एक गंमत झाली. 1956 मध्ये राज्य पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. गांधर्वच्या परीक्षा चालूच राहिल्या, पण त्यांच्या जोडीला कर्नाटक सरकारच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत या परीक्षाही आल्या. पालक विचारत, ‘कुठली करू?’ आत्तीचं उत्तर सरळ होतं. मुलगी मिरज-सांगली-कोल्हापूरकडे द्यायची असेल तर गांधर्व, आणि इथल्या सरकारी शाळेत संगीत शिक्षिका व्हायची असेल तर सरकारी. सीमाप्रश्नावर मोर्चे निघत होते, तेव्हा आमच्या सोप्यात त्याचं असं उत्तर दिलं जात होतं.

आता भजनाकडे येते. शिकवणीत मानाचा प्रश्न सुटला होता. भजनाच्या पैशाचा प्रश्न अधिक अवघड होता, आणि जैन घरात तर त्याला आणखी एक पदर होता. आपल्याकडे देवाला वाहिलेलं द्रव्य पुन्हा आपल्या उपभोगात आणायचं नाही. आपण दिगंबर त्याला निर्माल्य म्हणतो आणि ते घेणं दोष मानतो. श्वेतांबरांकडे देवद्रव्याचा विचार तितकाच कडक आहे, त्यांच्याकडे देवाचं खातं वेगळं आणि साधारण खातं वेगळं ठेवतात. मग देवळातल्या पूजेत किंवा विधानात गाणाऱ्या बाईला पैसे द्यायचे ते कुठून? भंडारातून दिले तर ते देवाचे. पूजेच्या थाळीत यजमानानं ठेवले तरी ते देवाला वाहिले गेले. पूजा सांगणाऱ्या उपाध्यांचा हक्क परंपरेनं ठरलेला होता. गाणाऱ्या बाईचा हक्क कुठंच लिहिलेला नव्हता.

आत्तीनं यावर जी रेघ ओढली ती वहीत स्पष्ट दिसते. देवळातलं रोजचं आणि पर्वाचं भजन, दशलक्षणातले दहा दिवस, महावीर जयंती, यांचा एक पैसा नाही. ती आपली सेवा. पण कुणी आपल्या घरी, आपल्या निमित्तानं भजन ठेवलं, वास्तू, पाळणा, डोहाळजेवण, व्रताचं उद्यापन, उपवासाचं पारणं, तर तो कार्यक्रम, आणि त्याची बिदागी. वहीत तिनं ‘बिदागी’ हाच शब्द लिहिला आहे. बोलताना मात्र ती तो वापरत नसे, कारण ऐकणाऱ्याच्या कानात तो शब्द कुठून कुठं जाईल हे तिला ठाऊक होतं.

घरच्या कार्यक्रमांची वेळ ठरलेली असे, दुपारी दोन ते पाच. याचं कारण आपलं सूर्यास्तापूर्वीचं जेवण. पाहुण्यांना साडेपाचला पानावर बसवायचं म्हणजे पाचला आरती झालीच पाहिजे. कीर्तनकार बुवांचे कार्यक्रम रात्री दहानंतर रंगत, आपल्याकडे ते शक्यच नव्हतं. मला वाटतं, घरातल्या बायकांना पैसे घेऊन गाणं जमलं त्याचं एक मोठं कारण हेच. तीन तासांच्या वर कार्यक्रम लांबत नसे आणि दिवेलागणीला बाई आपल्या घरी असे. सासऱ्या-दिरांना बोलायला जागा राहत नसे.

एका कार्यक्रमाला चार बायका आणि तबल्याला शेजारचा एक कॉलेजातला मुलगा. पेटी टांग्यात घालून न्यायची. त्या वेळी बिदागी 15 रुपये होती. त्यातून तबलजीला 4 रुपये आणि टांग्याला दीड. बाकी तीन बायका पैसे घेत नसत, त्यांना ओटी आणि फराळ. 1966 मध्ये एकूण चौदा कार्यक्रम झाले. पण बिदागी मिळाली अकराच ठिकाणी, 165 रुपये. तीन ठिकाणी यजमानीणबाईंनी हळदीकुंकू लावून खण-नारळ, एके ठिकाणी पातळ, एके ठिकाणी स्टीलचा डबा दिला. मान मोठा केला म्हणायचा! पण तबलजी नारळ घेऊन घरी जाणार नव्हता आणि टांगेवालाही. त्या तीन दिवसांचा साडेसोळा रुपयांचा खर्च आत्तीनं पदरचा केला.

सगळा हिशेब जोडला तर भजनाचे 165, त्यातून चौदा वेळचा तबला आणि टांगा मिळून 77 वजा, राहिले 88. शिकवणीचे 342. पावसाळ्यात पेटी दुरुस्तीला 18 गेले. वर्षाअखेरीस हातात 412 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 34. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईचं त्यात कापडचोपड, औषधपाणी आणि दोन यात्रा भागत. भावाकडं मागावं लागत नव्हतं, एवढंच. पण ते ‘एवढंच’ तिच्या दृष्टीनं फार होतं. घरात काही बोलणं झालं की ती वही काढून बेरीज करत बसायची, हे मी पाहिलं आहे.

त्या 18 रुपयांबद्दलही दोन शब्द. बेळगावचा पाऊस पेटीला मानवत नाही. लाकूड फुगतं आणि पट्टी दाबून सोडली तरी सूर बोलत राहतो. कधी उलट होतं, सुरीच्या फटीत बारीक कचरा अडकतो आणि पट्टी दाबली की सूर न निघता नुसता श्वास ऐकू येतो. तिसरं म्हणजे भात्यातून वारा जाणं. ते बघायची सोपी रीत अशी की सगळी बटणं बंद करून भाता हलवायचा आणि थांबायचं. भाता फुगलेला राहिला तर पेटी चांगली, लगेच बसला तर वारा कुठंतरी पळतो आहे. जुनी पेटी विकत घेताना आत्ती हीच परीक्षा करायची. चाल वाजवून दाखवणाऱ्याकडं ती बघतसुद्धा नसे.

गाण्याची पट्टी ठरवतानाही पैशाचा प्रश्न येई, हे नवल वाटेल. बायकांच्या गळ्याला बहुधा काळी चार सोयीची पडते. पण गावातले तबले पुरुषांच्या भजनासाठी काळी एकला लावलेले. वेगळा तबला विकत घ्यायचा तर तो खर्च कुणी करायचा? काळी चारच्या षड्जाला काळी एक हा शुद्ध मध्यम होतो. काफी-खमाजाच्या चालीत ते खपून जाई, पण यमनातली चाल आली, की पेटीवर तीव्र मध्यम आणि तबल्यात शुद्ध मध्यम एकदम वाजायचे. ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नसे, पण कपाळाला आठी पडे. आत्तीनं सगळ्यांचा सूर काळी तीनवर उतरवला. तिथं काळी एक हा पंचम होतो आणि पंचम बहुतेक चालींत गोडच लागतो. एक-दोन जणींचा आवाज खाली दबायचा, त्यांना तिनं मागं बसवलं. तबल्याचा खर्च वाचला आणि यमनही सुरात आला.

आता ज्या एका कार्यक्रमामुळे तिनं आपला नियम पक्का केला, तो सांगते. 1971 च्या वहीत तो आहे. एका सधन घरातल्या बाईनं व्रताचं उद्यापन घरी न करता देवळाच्या सभामंडपात केलं. सकाळी विधान, दुपारी भजन. निमित्त घरचं, जागा देवाची. आरती झाली आणि यजमानांनी सगळ्यांसमोर 21 रुपये आरतीच्या थाळीत ठेवले आणि म्हणाले, ‘ताई, हे तुमचं.’ थाळी देवासमोर ओवाळून झालेली. आत्तीनं हात लावला नाही. पैसे भंडारात गेले. तबलजीचे आता 5 रुपये झाले होते, ते आणि टांग्याचे दोन तिनं घरी येऊन दिले.

यजमानांच्या मनात वाईट काही नसावं. उलट सगळ्यांसमोर मान केला असंच त्यांना वाटलं असणार. पण बाईच्या हातात पैसे ठेवायचे म्हणजे बिदागी दिल्यासारखं दिसतं, आणि थाळीत ठेवले की धर्मासारखं दिसतं, हा विचार त्यामागं होताच. मान राखला गेला तो देणाऱ्याचा.

त्यानंतर तिनं तीन गोष्टी ठरवल्या आणि निमंत्रण द्यायला येणाऱ्या बाईला त्या चहाबरोबरच सांगून टाकायची. एक, बिदागी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, घरी आणून द्यायची, म्हणजे तिचा देवाशी संबंध येत नाही. दोन, ओटी भरायची तर जरूर भरा, पण ती बिदागीऐवजी नाही. तीन, तबलजीचे पैसे त्याच्या हातात वेगळे द्यायचे. कुणीतरी विचारलं होतं म्हणे, ‘आत्ती, आधी पैसे म्हणजे सुपारी घेतल्यासारखंच की हो!’ ती म्हणाली, ‘सुपारी म्हण, नाहीतर खडीसाखर म्हण. थाळीत पडलेलं मला चालत नाही, हे तुला शास्त्रानंच सांगितलंय.’

मला यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते हे, की तिनं नव्या विचारांचा आधार घेतला नाही. बाईच्या कष्टाला दाम मिळायला हवं वगैरे ती कधी बोलली नाही. निर्माल्याचा जो नियम तिचे पैसे अडवत होता, तोच तिनं पुढं केला आणि त्याच्याच आधारानं ते सोडवून घेतले. त्या नियमाचा अर्थ ‘गाणारीला पैसे देऊ नका’ असा नव्हताच. तो होता ‘देवाचे पैसे देऊ नका, स्वतःचे द्या’. समाजानं सोयीनं पहिला अर्थ घेतला होता. पुढच्या वर्षीच्या वहीत कार्यक्रम चौदावरून दहावर आले आहेत. चार घरांनी बोलावणं बंद केलं. पण दहाच्या दहा ठिकाणी बिदागी जमा आहे.

आज चित्र पालटलं आहे. माझी एक मावसबहीण इंदूरला असते. तिकडं मोठ्या विधानांना संगीतकारांची पार्टी ठरवतात. कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, गायक. आठ दिवसांचं सिद्धचक्र विधान असलं की त्यांचा प्रवास, मुक्काम, भोजन आणि रक्कम आधी बोलून ठरते, निम्मी आगाऊ द्यावी लागते. ती रक्कम बहुधा एखादा दाता उचलतो आणि पत्रिकेत त्याचं नाव छापतात. म्हणजे ‘देवाचे नव्हे, यजमानाचे’ हा आत्तीचा नियम तिथं सर्रास चालतो आणि त्याबद्दल कुणाला संकोच नाही. पण त्या पार्ट्यांतून बहुतेक पुरुष असतात. त्याच मांडवात दुपारी महिला मंडळाचं भजन असतं, ते सेवा म्हणून.

आमच्याकडेही आता महिला मंडळांना पाकीट मिळतं. ते मंडळाच्या खात्यात जातं, त्यातून सहल निघते, साड्या एकसारख्या घेतात, उरलं तर देवळाला देणगी. यात वावगं काही नाही. पण प्रत्येक मंडळात एक बाई अशी असते की जी चाली बसवते, पट्टी ठरवते, नवीन सुनांना पेटी शिकवते, कार्यक्रमाआधी चार दुपारी सगळ्यांना घरी बोलावून तालीम घेते आणि वर चहाही करते. ती करते ती शिकवणी असते. शिकवणीला फी असते, हे तर साठ वर्षांपूर्वीच्या पालकांनीही मान्य केलं होतं. मग मंडळाच्या हिशेबात तिच्या नावापुढं काहीच का नसावं?

मी आमच्या मंडळाच्या बैठकीत एवढंच सुचवलं, की पाकिटातून आधी तीन रकमा बाजूला काढाव्यात. तबल्याची, वाहनाची आणि तालमीची. उरेल ते मंडळाचं. दोघी-तिघी म्हणाल्या, ‘अक्का, आपसांत पैसे कसले?’ जिनं वीस वर्षं तालमी घेतल्या, ती काही बोलली नाही, पेटीची पट्टी बंद करत बसली. ठराव पाचाविरुद्ध नऊ मतांनी झाला. वहीत त्या रकमेपुढं काय लिहायचं यावर मात्र अर्धा तास गेला. ‘बिदागी’ कुणालाच नको होतं, ‘मानधन’ फार मोठं वाटलं, ‘ओटी’ म्हणायला मी तयार नव्हते. शेवटी ‘तालीम फी’ असं लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात आकडा.